होणाऱ्या मॅनेजरबरोबर कॉफी झाली, आता पुढे काय करायचं?

दोन-तीन फेऱ्या झाल्या की रिक्रूटरचा निरोप येतो: "आता एकदा मॅनेजरना भेटून घ्या. कॉफी घ्या, नाहीतर जेवायलाच जा. इंटरव्ह्यू नाही, सहज भेट." तुम्ही जाता, तासभर गप्पा होतात, त्या बऱ्याही होतात, आणि बाहेर पडल्यावर कळेनासं होतं की आता आपण काही करायचं की नुसती वाट बघायची. आभाराचा मेल लिहायचा तर इंटरव्ह्यू कुठे झाला होता? नाही लिहिला तर तुसडेपणा वाटेल का? आणि पगाराबद्दल ते ओझरतं जे बोलले, ते धरून चालायचं की सोडून द्यायचं?

मी अशा भेटींत दोन्ही बाजूंना बसले आहे. समोरच्या बाजूने पाहिलं तर ही भेट अजिबात सहज नसते. मॅनेजर परत गेले की त्यांना कुणीतरी विचारणारच असतं, "कसं वाटलं?" ठरलेल्या फेरीत इंटरव्ह्यू घेणारा बहुतेक वेळा फॉर्म भरतो, शेरे लिहितो. कॉफीचा फॉर्म सहसा नसतो. मॅनेजर दोन-चार वाक्यं तोंडी सांगतात आणि गाडी पुढे सरकते किंवा थांबते. शिवाय त्या टेबलावर पद, पगार, टीम, रुजू होण्याची तारीख असं बरंच काही बोललं जातं आणि त्यातलं काहीच कुणी लिहून घेतलेलं नसतं.

म्हणून या भेटीनंतरच्या फॉलो-अपची कामं दोन. मॅनेजरच्या हातात तुमच्याबद्दल नेमकं सांगण्याजोगं काहीतरी लेखी द्यायचं, आणि हवेत राहिलेल्या गोष्टी योग्य माणसापर्यंत पोहोचवायच्या. ही दोन कामं एकाच मेलमध्ये करायला गेलं की घोटाळा होतो. या लेखात मी एकच परिस्थिती धरली आहे: फेऱ्या झाल्यात, ऑफर आलेली नाही, आणि भेट निवड प्रक्रियेचाच भाग आहे.

उदाहरण एका मैत्रिणीचं घेते. (तिला विचारून, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.) ती गोदामांतल्या मालसाठ्याचं नियोजन करते. पद होतं नियोजन टीमच्या प्रमुखाचं. दोन फेऱ्यांनंतर मॅनेजरनी तिला जेवायला बोलावलं.

हाताशी काय असावं

- जाहिरातीतलं किंवा रिक्रूटरने पाठवलेलं पदाचं वर्णन
- रिक्रूटरबरोबरचे आतापर्यंतचे सगळे मेल, विशेषतः पगाराबद्दल जे आधी बोलणं झालंय ते
- तुमचा खासगी मेल आयडी आणि खासगी फोन किंवा लॅपटॉप
- मॅनेजरचा मेल आयडी. नसेल तर रिक्रूटरकडून मागून घ्या, अंदाजाने बनवू नका
- कागद-पेन

१. कुणालाही फोन करण्याआधी टिपण काढा

भेट संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, घरच्यांना किंवा मित्राला "मस्त झालं" म्हणून सांगण्याच्या आधी, आठवेल ते लिहून काढा. आधी सांगत सुटलं की गोष्ट सांगता सांगता बदलते. "बघू, जमेल बहुतेक" या वाक्याचं दुसऱ्या फोनपर्यंत "ते हो म्हणाले" असं होऊन जातं आणि तुम्हाला खरंच तसं आठवायला लागतं.

तीन रकाने पुरतात: ते काय म्हणाले, मी काय म्हणाले, आणि काय अर्धवट राहिलं. महत्त्वाची वाक्यं शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहा. मैत्रिणीच्या कागदावर हे होतं:

- महिन्याचा मागणीचा अंदाज तयार व्हायला दोन दिवस जातात. प्रत्येक गोदाम शीट आपापल्या पद्धतीने भरतं.
- "पगाराचं बघून घेऊ, तुम्ही म्हणताय त्याच्या आसपास जमेल."
- ऑफिसला यायचे दिवस: "आमच्याकडे तसं काही कडक नाही."
- पदाचं नाव त्यांनी एकदा 'टीम प्रमुख' म्हटलं, एकदा 'वरिष्ठ नियोजक'.
- ते स्वतः वर्षभरात दुसऱ्या विभागात जाण्याची शक्यता. "हे आपल्यातच राहू द्या."
- गोदामांनी भरायच्या शीटचा नमुना पाठवते, असं मी कबूल केलं.
- टीममधल्या एकाशी बोलणं करून देतो, असं ते म्हणाले.
- मी सहा जणांची टीम सांभाळते असं सांगितलं. (खरं तर चार थेट, दोन कामापुरते.)

भेट चालू असताना फोनवर टिपणं काढू नका. वहीत एखादा शब्द लिहिला तर चालतो, पण जेवताना समोरचा मोकळेपणाने बोलत असेल आणि तुम्ही लिहायला लागलात की त्याचा मोकळेपणा तिथेच संपतो.

२. टिपणाचे चार भाग करा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि नंतरच्या बऱ्याच चुका इथूनच निघतात. प्रत्येक ओळीपुढे ती कुठे जाणार ते लिहा.

कामाबद्दलच्या गोष्टी मॅनेजरला जातात. टीमची अडचण, तुम्ही कबूल केलेली वस्तू, त्यांनी कबूल केलेली ओळख, तुमच्या बोलण्यातली दुरुस्ती, हे सगळं त्यांच्या मेलमध्ये येऊ शकतं.

अटींच्या गोष्टी रिक्रूटरला जातात. पगार, पदाचं नाव, रुजू होण्याची तारीख, ऑफिसचे दिवस, रजा. मॅनेजर यावर मत देतात, वजनही टाकतात. पण बऱ्याच कंपन्यांत पदाची पगाराची श्रेणी आधीच ठरलेली असते आणि अंतिम मंजुरी दुसरीकडून येते. "आसपास जमेल" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्या वाक्यावर शिक्का मारण्याचा अधिकार अनेकदा त्याच्याकडे नसतो, एवढंच.

विश्वासाने सांगितलेलं कुठेच लिहायचं नाही. मॅनेजर विभाग बदलणार असतील तर ते मैत्रिणीच्या निर्णयासाठी फार महत्त्वाचं होतं, कारण ती निम्मी या माणसाकडे बघूनच हो म्हणणार होती. तरीही ते मेलमध्ये आडवळणानेसुद्धा येता कामा नये, आणि रिक्रूटरला "या पदाचं रिपोर्टिंग बदलणार आहे का?" असं विचारणंही नको. एचआरला तो प्रश्न कुठून आला हे लगेच कळतं. विचारायचं तर स्वतः मॅनेजरलाच, फोनवर. तिने पुढच्या बोलण्यात एवढंच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी जे म्हणालात तसं झालं तर हे पद कुणाकडे जाईल?" त्यांनी सरळ उत्तर दिलं.

चौथा भाग वैयक्तिक गप्पांचा. मुलांची परीक्षा, आईचं ऑपरेशन, त्यांची ट्रेकिंगची आवड. माझं मत: हे मेलमध्ये आणू नका. टेबलावर जे आपुलकीचं वाटलं तेच लेखी आलं की लाघवीपणा वाटतो. आणि मेल पुढे कुणाला पाठवला गेला तर त्यांच्या घरची गोष्ट तुमच्यामुळे ऑफिसात पोहोचते.

३. कुणाला, कुठून, कधी

वेळ सोपी आहे: त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी भेट झाली असेल तर त्याच दुपारी पाठवा किंवा सरळ पुढच्या आठवड्याच्या पहिल्या सकाळी. घाई एवढ्यासाठी की "कसं वाटलं?" हा प्रश्न त्यांना एक-दोन दिवसांतच विचारला जातो. चार दिवसांनी आलेला सुरेख मेल त्या उत्तरानंतर पोहोचतो. उलट, तुम्ही अजून पार्किंगमध्ये असताना आलेला मेल आधीच लिहून ठेवल्यासारखा दिसतो. रात्री बाराला लिहून झाला तर सकाळच्या वेळेला लावून ठेवा.

माध्यम म्हणजे मेल. भेटीची जागा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरली असली तरी. मेसेजवर "पोहोचले, छान वाटलं भेटून" एवढं ठीक, मूळ मजकूर मेलवर. कारण साधं आहे: मॅनेजरला तो मेल एका क्लिकमध्ये एचआरला पाठवता येतो. त्याच संध्याकाळी लिंक्डइनची रिक्वेस्ट मी तरी पाठवत नाही. तुमच्या सध्याच्या ऑफिसमधल्या लोकांना नवी ओळख तिथे दिसू शकते.

सध्याच्या ऑफिसचा मेल, लॅपटॉप आणि कॅलेंडर यांपासून हे सगळं लांब ठेवा. कॅलेंडरचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अनेक ऑफिसांत सहकाऱ्यांना तुमच्या नोंदीचं शीर्षकही दिसतं, आणि 'लंच' शेजारी दुसऱ्या कंपनीचं नाव असेल तर बातमी तुमच्याआधी तुमच्या साहेबांकडे जाते.

भेटीला मॅनेजरबरोबर टीममधलं आणखी कुणी असेल तर दोघांना वेगळे मेल लिहा, आणि वेगळ्या मजकुराचे. ते शेजारी बसतात. मेल एकमेकांना दाखवतात.

४. मॅनेजरचा मेल

सव्वाशे-दीडशे शब्दांच्या आसपास ठेवा. भाषा आणि संबोधन आधीच्या पत्रव्यवहारात होतं तेच. तुमचं बोलणं मराठीत झालं असलं आणि मेल इंग्रजीत चालत असले तर मेल इंग्रजीतच. टेबलावर हशा झाला म्हणून इमोजी नकोत. लिहून झाल्यावर एकच कसोटी लावा: हा मेल जसाच्या तसा एचआरच्या, तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाने वाचला तर तुमच्याबद्दल त्याला काय कळेल?

मैत्रिणीचा मेल साधारण असा होता:

> विषय: कालच्या भेटीबद्दल आणि कबूल केलेला नमुना
>
> नमस्कार,
>
> काल वेळ काढून भेटलात आणि जेवणही दिलंत, त्याबद्दल आभार.
>
> प्रत्येक गोदाम शीट आपापल्या पद्धतीने भरतं म्हणून महिन्याच्या अंदाजाला दोन दिवस जातात, हे तुम्ही सांगितलंत. आमच्याकडेही हाच त्रास होता. आम्ही सॉफ्टवेअर बदललं नाही. मालाचे कोड आणि मापं एकाच यादीतून निवडायची असं ठरवलं आणि शीट जुळवायचं काम अर्ध्या दिवसावर आलं. तुमच्याकडे तेच लागू पडेलच असं नाही. गोदामं वेगवेगळे कोड का वापरतात ते आधी पाहावं लागेल.
>
> बोलल्याप्रमाणे भरायच्या शीटचा कोरा नमुना जोडला आहे. त्यातले आकडे काल्पनिक आहेत.
>
> एक दुरुस्ती: मी सहा जणांची टीम म्हणाले. त्यातले चार थेट माझ्याकडे आहेत, दोघे दुसऱ्या विभागाचे असून कामापुरते माझ्याबरोबर असतात.
>
> या कामाबद्दल आता जास्त उत्सुकता आहे. टीममधल्या एखाद्याशी बोलणं करून देण्याबद्दल तुम्ही म्हणाला होतात. पुढच्या आठवड्यात मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी मला जमेल.

आभार एका ओळीत संपतात. बिल त्यांनी दिलं असेल तर ते त्यात आलंच. "पुढच्या वेळी माझ्याकडून" नको, आणि पैसे पाठवण्याची भाषा तर नकोच.

मेलचा खरा जीव दुसऱ्या परिच्छेदात आहे. "तुमची दूरदृष्टी आवडली" असं लिहिणारे पुष्कळ असतात आणि त्यातून मॅनेजरला पुढे सांगायला काहीच मिळत नाही. इथे त्यांचीच अडचण त्यांच्याच शब्दांत आली आहे, तिने अशाच अडचणीत काय केलं ते दोन वाक्यांत आहे, आणि मग "तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही" ही मर्यादाही आहे. ही मर्यादा लिहायला लोक कचरतात. पण अजून आत पाऊल न टाकलेल्या माणसाने उत्तर देऊन टाकलं तर अनुभवी मॅनेजरला ते खटकतं. गोदामांचे कोड वेगळे असण्यामागे कदाचित खरं कारण असेल.

दुरुस्ती कधी करायची याबद्दल माझा नियम सरळ आहे. वस्तुस्थिती चुकली असेल तर करा: टीमचा आकडा, नोटीस पिरियड, एखादं सॉफ्टवेअर येतं म्हणालात आणि नुसतं पाहिलेलं आहे, अशा गोष्टी. संदर्भ तपासताना हे बाहेर येतं आणि तेव्हा ते फुगवून सांगितल्यासारखं दिसतं. मात्र एखादं उत्तर अडखळत दिलं, विनोद पडला, पाण्याचा ग्लास सांडला, याची दुरुस्ती नसते. सध्याच्या साहेबांबद्दल कडू बोलून गेला असाल तर त्यावरही मेलमध्ये खुलासा नको. खुलाशाने ती गोष्ट फक्त लेखी होते.

आणखी एक सापळा म्हणजे भारावून जाऊन फुकट काम करणं. मॅनेजरने अडचण सांगितली म्हणून दोन रात्री जागून दहा पानी आराखडा पाठवणारे उमेदवार मी पाहिले आहेत. तो वाचला जात नाही, आणि वाचला तर त्यात आतली माहिती नसल्यामुळे चुकाच जास्त दिसतात. त्यांनी स्वतःच मोठं काम मागितलं तर रिक्रूटरला विचारा, हा निवडीचा अधिकृत टप्पा आहे का आणि किती वेळ अपेक्षित आहे.

५. जोडलेली फाईल पाठवण्याआधी

कबूल केलेली वस्तू मेलबरोबरच गेली पाहिजे. तयार नसेल तर नक्की कधी देणार ती तारीख लिहा आणि त्या तारखेला द्या. या एका गोष्टीवरून मॅनेजर तुमच्याबरोबर काम करणं कसं असेल ते ताडतात.

पण सध्याच्या कंपनीची फाईल नावं खोडून पाठवणं हा धोका पत्करू नका. ती फाईल तुमची नाही. शिवाय होणाऱ्या मॅनेजरच्या मनात पहिला विचार हाच येतो की उद्या आमच्याकडची फाईल ही अशीच कुणाला देईल. मैत्रिणीने स्वतःच्या लॅपटॉपवर नवी कोरी शीट उघडली, रकाने पुन्हा मांडले आणि पाच ओळी काल्पनिक मालाच्या भरल्या. त्यातही तिच्या कंपनीच्या खास कोडची धाटणी येणार नाही याची काळजी घेतली.

फाईल नवी असली तरी तपासा. एक्सेलमध्ये (विंडोजवर) File > Info > Check for Issues > Inspect Document इथे गेलात की लपवलेल्या शीट, शेरे आणि फाईल बनवणाऱ्याचं नाव सापडतं. हे फाईलच्या प्रतीवर करा, कारण काढून टाकलेलं सगळंच परत आणता येत नाही.

६. रिक्रूटरचा मेल

हा त्याच दिवशी, पण वेगळा, आणि आधीच्याच मेलच्या उत्तरात पाठवायचा म्हणजे पगाराचं मूळ बोलणं त्याच धाग्यात खाली दिसत राहतं. मॅनेजरला यात कॉपी करू नका.

> नमस्कार,
>
> काल मॅनेजरबरोबरची भेट चांगली झाली. कामाची आता नीट कल्पना आली आहे आणि पुढे जायला मी उत्सुक आहे.
>
> तीन गोष्टी तुमच्याकडून समजून घ्यायच्या आहेत. पदाचं अधिकृत नाव काय असेल? ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यावं लागेल? आणि पगाराची श्रेणी आपलं पहिल्यांदा बोलणं झालं तीच आहे ना?
>
> माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. पुढची पायरी कोणती आणि साधारण कधी, ते कळवाल का?

पगाराचा प्रश्न कसा आलाय ते पाहा. "मॅनेजर हो म्हणाले" असं कुठेही नाही. तसं लिहिलंत की एचआर मॅनेजरला विचारणार, "तुम्ही कबूल केलंत का?" आणि तुमच्या बाजूने बोलू शकणारा एकमेव माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. प्रश्न अधिकृत श्रेणीबद्दल विचारला की उत्तरही अधिकृत येतं. इथे रिक्रूटरने दोन दिवसांनी कळवलं की श्रेणी तीच आहे, ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस, आणि पदाचं नाव विचारून सांगते. "तसं काही कडक नाही" याचा अर्थ लेखी विचारल्यावर तीन दिवस निघाला. टेबलावर कुणी फसवलं नव्हतं. मॅनेजर त्यांच्या टीममधल्या सवयीबद्दल बोलत होते, रिक्रूटर नियमाबद्दल.

रिक्रूटर नसेलच, म्हणजे छोट्या कंपनीत मॅनेजरच सगळं बघत असतील, तर हे प्रश्न आभाराच्या मेलमध्ये कोंबू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि फोनची वेळ मागा.

७. थांबणं

मॅनेजरनी तारीख सांगितली असेल तर ती उलटून आणखी दोन कामाचे दिवस जाऊ द्या. तारीख नसेल तर कामाचे पाच ते सात दिवस. मग पहिली आठवण रिक्रूटरला, त्याच धाग्यात, दोन ओळींत: "मागच्या आठवड्यापर्यंत कळेल असं बोलणं झालं होतं, काही कळलं का? माझ्याकडून काही कागद हवे असतील तर सांगा." दुसरी आठवण आठवड्याने. तिसरी मी पाठवत नाही.

मधल्या काळात येणाऱ्या उत्तरांवरून बरंच ओळखता येतं. नोटीस पिरियडची अचूक तारीख, संदर्भासाठी लोकांचे नंबर किंवा पगाराचे कागद मागितले तर गाडी पुढे चालली आहे. "अजून काही उमेदवारांना भेटतोय" म्हणजे तुम्ही बाहेर नाही आहात, पण पहिली पसंतीही बहुधा नाही आहात. निव्वळ शांतता सगळ्यात फसवी. ती नकाराइतकीच अडकलेल्या मंजुरीचीही असू शकते. मैत्रिणीच्या बाबतीत तेच होतं. पदाच्या खर्चावर कुणाची तरी सही व्हायची होती आणि ते गृहस्थ रजेवर होते.

या काळात दुसरीकडून ऑफर आली तर रिक्रूटरला खरी तारीख सांगा: "मला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, पण तुमच्याकडे काम करायला मला जास्त आवडेल." नसलेली ऑफर आहे म्हणून सांगू नका. "मग तिकडे हो म्हणा" असं उत्तर आलं तर परतीची वाट नसते.

आणि कितीही गोड भेट झाली असली तरी लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा नाही. "तुम्ही आलातच असं समजा" हे वाक्य ऐकून राजीनामा देणाऱ्यांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, आणि त्यांतल्या मॅनेजरचा हेतू वाईट होता असंही नाही.

८. भेटीनंतर नकोसं वाटलं तर

ही भेट तुमच्यासाठीही असते. मॅनेजर स्वतःच्या टीमबद्दल कसं बोलत होते, आधीच्या माणसाने ही जागा का सोडली याचं उत्तर टाळलं का, वाढप्याशी कसे वागले, हे टिपणात असेलच. शंका असेल तर टीममधल्या माणसाशी बोलण्याची संधी नक्की घ्या आणि त्याला "इथे कसं आहे?" असं न विचारता "गेल्या महिन्यात काम अडकलं तेव्हा तुम्ही कुणाकडे गेलात आणि काय झालं?" असं विचारा. नको असं ठरलं तर दोन-तीन दिवसांत दोघांनाही कळवा. कारण लांबलचक लिहायची गरज नाही.

भेट झाली पण मुळात जागाच उघडलेली नव्हती, असंही होतं. तेव्हा सहावी आणि सातवी पायरी लागू नाही. आभार, कामाबद्दलचा एक मुद्दा, आणि "जागा निघाली तर कळवा" एवढंच.

९. ऑफर लेटर आलं की पहिलं टिपण बाहेर काढा

सही करण्याआधी पत्र आणि पहिल्या दिवशीचा कागद शेजारी ठेवा. रिक्रूटरने मेलवर सांगितलेलं पत्रात आहे का, एवढंच एकेक ओळ घेऊन पाहायचं. मैत्रिणीच्या पत्रात पगार बरोबर होता, ऑफिसचे दिवस कुठेच नव्हते आणि पदाचं नाव 'वरिष्ठ नियोजक' असं आलं होतं. तिने दोन प्रश्नांचा मेल केला. दिवसांबद्दल रिक्रूटरने कंपनीचं धोरण पाठवलं, त्यात तीनच होते. पदाच्या नावाबद्दल उत्तर आलं की सहा महिन्यांनी बदलू. तिने विचारलं, तेवढं पत्रात घालता येईल का? रिक्रूटर म्हणाली, पत्र बदलता येणार नाही.

तेव्हा तिने पहिल्यांदाच अटींचा विषय मॅनेजरकडे नेला, तोही फोनवर: "टीम माझ्याकडे पहिल्या दिवसापासून असेल ना, नाव काहीही असलं तरी?" ते हो म्हणाले. तिने त्यांना विनंती केली की कोण कोण थेट तिच्याकडे येणार ते रिक्रूटरला कॉपी करून मेलवर कळवा. तो मेल दुसऱ्या दिवशी दुपारी आला, पाच नावांसह. मग तिने पत्रावर सही केली, आणि सही केलेली प्रत मिळाल्याची रिक्रूटरची पोच आल्यावर राजीनामा दिला.